निंबोळी पेंड, मोहरी पेंड आणि हाडांचे खत : परभणी परिसरातील कुंडीतील मातीसाठी मात्रा व दक्षता

गोषवारा

निंबोळी पेंड, मोहरीची पेंड आणि हाडांचे खत ही तीन सेंद्रिय द्रव्ये कुंडीतील झाडांसाठी एकत्रितपणे सुचविली जातात. ही त्रयी मुख्यतः आम्ल अथवा उदासीन मातीच्या प्रदेशांत रूढ झाली. परभणी जिल्ह्यातील माती चुनखडीयुक्त, विम्लधर्मी आणि चिकण आहे. त्यामुळे तेथे या तिन्ही द्रव्यांचे वर्तन वेगळे होते. प्रस्तुत लेखात या फरकाची कारणे, कुंडीच्या घनफळानुसार मात्रा, एका बारा इंची कुंडीचे संपूर्ण गणित आणि चूक ओळखण्याच्या खुणा यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : निंबोळी पेंड, मोहरी पेंड, हाडांचे खत, चुनखडीयुक्त काळी माती, सामू, कुंडीतील लागवड.

१. प्रस्तावना

महाविद्यालयांच्या आवारात, वसतिगृहांच्या व्हरांड्यांत आणि घरांच्या गच्चीवर कुंड्यांतून झाडे लावण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. रासायनिक खतांऐवजी सेंद्रिय द्रव्ये वापरावीत असा आग्रहही दिसतो. त्यातूनच 'एक मूठ निंबोळी पेंड, एक मूठ मोहरीची पेंड आणि एक मूठ हाडांचे खत' हे सूत्र जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. हे सूत्र निराधार नाही. बंगालमधील शेवंती व डेलियाच्या कुंड्यांना मोहरीच्या पेंडीचे पाणी देण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. तेथे मोहरीचे तेल रोजच्या स्वयंपाकात असल्याने पेंडही सहज मिळते. तेथील अनेक भागांतील माती उदासीन ते आम्ल असल्याने हाडांच्या खतालाही तेथे काही अर्थ असतो.

परभणीची परिस्थिती मात्र निराळी आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली येथील काळी माती चिकण असून तिचा सामू सामान्यतः ७.५ ते ८.५ या दरम्यान असतो. तिच्यात मुक्त चुना असतो; नांगरलेल्या रानात दिसणारे चुनखडीचे पांढरे खडे ही त्याची उघड खूण होय. बहुतेक ठिकाणी कुंड्यांना मिळणारे पाणी विंधन विहिरीचे, म्हणजे जड असते. मे महिन्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. या चार गोष्टी एकत्र घेतल्या की वरील सूत्रातील एक द्रव्य जवळजवळ निरुपयोगी ठरते, दुसऱ्याचा वापर सावधपणे करावा लागतो आणि तिसऱ्याची मात्रा मुठीने नव्हे, वजनाने ठरवावी लागते. हे कसे घडते याची कारणमीमांसा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. तिन्ही द्रव्यांचे स्वरूप

निंबोळी पेंड म्हणजे कडुनिंबाच्या बियांतून तेल काढल्यानंतर उरलेला चोथा. तिच्यात सुमारे ५ टक्के नत्र, १ टक्का स्फुरद आणि १.५ टक्क्याच्या आसपास पालाश असते. या अन्नद्रव्यांखेरीज अझाडिरॅक्टिन, निंबिन, सॅलॅनिन यांसारखी कडू संयुगे तिच्यात शिल्लक राहतात. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची वाढ या संयुगांमुळे रोखली जाते. त्याशिवाय मातीतील जे जीवाणू अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, त्यांचा वेग ही संयुगे मंदावतात. युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे लेपन करण्यामागे हेच तत्त्व आहे. भारतात २०१५ मध्ये देशी उत्पादनातील सर्व युरिया कडुनिंब-लेपित करणे बंधनकारक करण्यात आले.

मोहरीच्या पेंडीतही सुमारे ५ टक्के नत्र असते. स्फुरद २ टक्क्यांच्या आत आणि पालाश १ टक्क्याच्या थोडे वर असते. तिचे वैशिष्ट्य अन्यत्र आहे. मोहरीत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगे असतात. पेंड भिजली की मायरोसिनेज या विकराच्या क्रियेने त्यांपासून आयसोथायोसायनेट तयार होते. मोहरी वाटताना डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास याच संयुगाचा असतो. ते बुरशी व सूत्रकृमींना मारक आहे, परंतु उगवणाऱ्या बीजाला आणि कोवळ्या मुळालाही तितकेच घातक आहे. दोन आठवड्यांत त्याचा बहुतांश प्रभाव ओसरतो. तेल काढताना पेंड फार तापली असेल तर विकर निकामी होते आणि हा परिणाम कमी दिसतो.

हाडांचे खत हे या दोहोंपेक्षा पूर्णतः भिन्न आहे. त्यातील मुख्य द्रव्य हायड्रॉक्सीॲपेटाइट, Ca5(PO4)3OH, हे कॅल्शियम फॉस्फेटचे जवळजवळ अविद्राव्य रूप होय. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार कच्च्या हाडांच्या खतात किमान ३ टक्के नत्र, किमान २० टक्के एकूण स्फुरद आणि त्यापैकी किमान ८ टक्के स्फुरद २ टक्के सायट्रिक आम्लात विरघळणारे असावे लागते. वाफाळलेल्या हाडांच्या खतासाठी हेच आकडे २२ आणि १६ टक्के आहेत. पिशवीवरील २२ टक्के हा आकडा आकर्षक वाटतो. मात्र तो एकूण स्फुरदाचा आहे आणि उपलब्धतेची चाचणी आम्लात केलेली आहे, ही गोष्ट वाचकाने येथेच लक्षात ठेवावी.

३. परभणीच्या मातीत हाडांचे खत का विरघळत नाही

हायड्रॉक्सीॲपेटाइट विरघळण्यासाठी मातीच्या द्रवात हायड्रोजन आयन असावे लागतात. या आयनांमुळे स्फटिकातील कॅल्शियम सुटे होते आणि फॉस्फेट द्रवात उतरते. मातीचा सामू ६ च्या आसपास असेल तर ही क्रिया सावकाश का होईना चालते. सामू ७ च्या वर गेला की ती मंदावते आणि ८ च्या आसपास जवळजवळ थांबते. चुनखडीयुक्त मातीत आणखी एक अडथळा असतो. तेथे द्रवात कॅल्शियम आधीच भरपूर असते. त्यामुळे जे थोडे फॉस्फेट सुटे होईल तेही पुन्हा कॅल्शियमशी संयोग पावून अविद्राव्य होते. थोडक्यात, चुनखडीच्या मातीत हाडांचा चुरा मिसळणे म्हणजे चुन्याच्या मातीत आणखी एक चुनखडी घालण्यासारखे आहे.

ही अडचण जुनी आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेतात हाडे घालण्याची प्रथा होती, परंतु सर्व जमिनींत सारखा गुण येत नसे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांनी १८४० मध्ये हाडांवर गंधकाम्लाची क्रिया करण्याची सूचना केली. १८४२ मध्ये जॉन बेनेट लॉज यांनी सुपरफॉस्फेटचे एकस्व घेतले. खताच्या आधुनिक उद्योगाचा हा आरंभ मानला जातो. हाडांतील स्फुरद जमिनीतील आम्लावर सोडून चालत नाही, ते आधीच विरघळवावे लागते, हाच त्या उद्योगाचा पाया होता.

हाडांच्या खताने परभणीच्या कुंडीत केवळ लाभ होत नाही इतकेच नव्हे, तर काही वेळा हानीही संभवते. मराठवाड्यातील चुनखडीयुक्त मातीत लोह व जस्त यांची उपलब्धता मुळातच कमी असते. वारंवार कॅल्शियम व फॉस्फेट घातल्याने ती अधिक कमी होण्याचा धोका असतो. गुलाब, जास्वंद, मोगरा आणि लिंबू या झाडांत याची खूण स्पष्ट दिसते. शेंड्याकडील नवी पाने फिकट पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. नत्राच्या कमतरतेत याच्या उलट, खालची जुनी पाने आधी आणि संपूर्णपणे पिवळी होतात. हा भेद न ओळखता 'झाड पिवळे पडले' म्हणून आणखी खत घातले जाते आणि दोष वाढत जातो.

मातीत मुक्त चुना आहे की नाही हे ठरविण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. कोरड्या मातीचा चमचाभर चुरा बशीत घेऊन त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात हे आम्ल असतेच. घरी व्हिनेगर चालेल, पण त्याची प्रतिक्रिया मंद असते. बुडबुडे येऊन फसफसल्यास मुक्त चुना आहे असे समजावे आणि त्या मातीत हाडांचे खत घालू नये. अधिक अचूकता हवी असल्यास एक भाग माती व अडीच भाग ऊर्ध्वपातित पाणी ढवळून, अर्ध्या तासाने सामूमापकाने सामू पाहावा. तो ६.५ पर्यंत असेल तरच हाडांच्या खताचा विचार करावा.

कोकोपीट व पानांचे कुजलेले खत यांवर आधारलेल्या, माती नसलेल्या मिश्रणात सामू ६ च्या आसपास असतो. तेथे हाडांच्या खताचा उपयोग होऊ शकतो. तथापि विंधन विहिरीच्या पाण्यातील बायकार्बोनेटमुळे अशा मिश्रणाचा सामूही काही महिन्यांत चढू लागतो. म्हणून पहिल्या भरणीत एकदाच हे खत द्यावे. दर ऋतूत पुन्हा देण्याची प्रथा सोडावी.

४. पेंड कुजताना काय घडते

दोन्ही पेंडींतील नत्र प्रथिनांच्या रूपात असते. ओलावा मिळताच जीवाणू व बुरशी ती प्रथिने फोडतात आणि अमोनिया मुक्त होतो. पुढे दुसऱ्या गटातील जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. शेणखताच्या तुलनेत पेंडीतील कर्ब व नत्र यांचे गुणोत्तर फार कमी असल्याने ही क्रिया वेगाने होते. पेंडीतील बराचसा नत्र सहा ते आठ आठवड्यांत मुक्त होतो. पहिल्या दोन आठवड्यांत अमोनियाचे प्रमाण सर्वाधिक असते आणि कुजण्याने उष्णताही निर्माण होते.

शेतात हे सर्व मोठ्या क्षेत्रात विरून जाते. कुंडीत तसे होत नाही. शिवाय विम्लधर्मी मातीत अमोनियम आयनाचा तुलनेने अधिक भाग वायुरूप अमोनियात बदलतो, आणि मुळांना भाजणारा हाच वायू होय. निंबोळी पेंड नायट्रेट बनण्याची क्रिया मंदावत असल्याने तिच्या बाबतीत अमोनियम अधिक काळ टिकते. आम्ल मातीत हा गुण आहे, कारण नत्र पाण्याबरोबर वाहून जात नाही. विम्लधर्मी मातीत मात्र पेंड पृष्ठभागावर भुरभुरून ठेवली तर नत्राचा काही भाग हवेत निघून जातो आणि मात्रा अधिक असेल तर मुळांवर ताण येतो. म्हणूनच निंबोळी पेंड नेहमी वरच्या दोन ते तीन सेंटिमीटर मातीत खुरप्याने मिसळावी, त्यावर थोडी माती ओढावी आणि लगेच पाणी द्यावे.

निंबोळी पेंडीकडून अवाजवी अपेक्षा ठेवू नये. मातीतील सूत्रकृमी व काही कीटकांच्या अळ्यांवर तिचा परिणाम होतो, पण तो आठवड्यांच्या हिशेबाने होतो. शेंड्यावरील मावा किंवा पांढरी माशी कुंडीत पेंड घातल्याने जात नाही. मुळांवर गाठी दिसू लागल्यानंतर पेंड घालणे हा उपचार नव्हे. ती भरणीच्या वेळीच मिसळावी लागते.

मोहरीची पेंड परभणीत स्थानिक नाही. येथील पीक करडईचे आहे आणि करडईची पेंड जिल्ह्यातील तेलघाण्यांवर मिळू शकते. सालासह गाळलेल्या करडईच्या पेंडीतही सुमारे ५ टक्के नत्र असते. केवळ नत्रासाठी पेंड हवी असेल तर मोहरीऐवजी करडईची पेंड त्याच मात्रेत वापरावी. तिच्यात मोहरीचे उग्र संयुग नसल्याने कोवळ्या रोपांना धोकाही कमी असतो. मोहरीची पेंड तिच्या बुरशीरोधक गुणासाठी हवी असेल तर मात्र तिला पर्याय नाही. अशा वेळी लागवडीपूर्वी किमान दोन आठवडे मिश्रण ओले करून ठेवणे आवश्यक आहे.

५. मात्रा : कुंडीच्या घनफळाचे गणित

कुंडीचा आकार इंचांत सांगितला जातो, परंतु माती घनफळावर ठरते. व्यास व उंची दोन्ही बदलत असल्याने घनफळ घनाच्या प्रमाणात बदलते. आठ इंची कुंडी ही बारा इंची कुंडीच्या दोन-तृतीयांश दिसते, प्रत्यक्षात तिच्यात जेमतेम तीन-दशांश माती मावते. दोन्ही कुंड्यांना 'एकेक मूठ' दिल्यास लहान कुंडीला तिपटीहून अधिक तीव्र मात्रा मिळते. कुंडीतील रोपे पेंडीने जळण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

म्हणून मात्रा मिश्रणाच्या दर लिटरला ठरवावी. भरणीच्या वेळी निंबोळी पेंड दर लिटरला ३ ग्रॅम पुरेशी होते. मोहरीची अथवा करडईची पेंडही मिसळायची असेल तर निंबोळी २ ग्रॅम आणि दुसरी पेंड १ ग्रॅम घ्यावी. एकूण पेंड ३ ग्रॅमच्या वर नेऊ नये. सामू ६.५ पर्यंत असलेल्या मिश्रणात हाडांचे खत दर लिटरला २ ग्रॅम, तेही एकदाच द्यावे.

| कुंडी | मिश्रण (सुमारे) | निंबोळी पेंड | हाडांचे खत (केवळ आम्ल मिश्रणात) | पेंडीचे विरल पाणी |
|---|---|---|---|---|
| ६ इंच | १.६ लिटर | ५ ग्रॅम | ३ ग्रॅम | ६० मिली |
| ८ इंच | ४ लिटर | १२ ग्रॅम | ८ ग्रॅम | १५० मिली |
| १० इंच | ७.५ लिटर | २२ ग्रॅम | १५ ग्रॅम | ३०० मिली |
| १२ इंच | १३ लिटर | ४० ग्रॅम | २५ ग्रॅम | ५०० मिली |

चमचा व मूठ ही मापे विश्वसनीय नाहीत, कारण पेंडीची भुकटी जाडसर असेल तर कमी आणि बारीक असेल तर अधिक बसते. स्वयंपाकघरातील लहान काट्यावर एकदा वजन करून आपल्या चमच्यात किती ग्रॅम येते हे नोंदवून ठेवल्यास पुढे दर वेळी मोजण्याचे कारण उरत नाही.

६. उदाहरण : बारा इंची कुंडीतील गुलाब

परभणी शहरातील गच्चीवरील एक बारा इंची कुंडी गृहीत धरू. काठाखाली चार-पाच सेंटिमीटर जागा सोडल्यास सरासरी व्यास २६ सेंटिमीटर आणि मातीची उंची २५ सेंटिमीटर मिळते. त्यावरून घनफळ सुमारे १३ लिटर येते. एक भाग काळी माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण घेतले. काळी माती एकट्याने भरल्यास ती ओली असताना चिकट होते, सुकताना आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी कडेने निघून जाते. म्हणून वाळूचा भाग वगळू नये.

आता अन्नद्रव्यांचा हिशेब पाहू. शेणखताचा एक-तृतीयांश भाग वजनाने सुमारे अडीच किलो भरतो. शेणखतात साधारण ०.२५ टक्का स्फुरद धरले तर त्यातून ६ ग्रॅमच्या वर स्फुरद मिळते. हाडांचे २५ ग्रॅम खत घातले असते तर कागदावर ५.५ ग्रॅम स्फुरद मिळाले असते, आणि ते या मातीत जवळजवळ अडकून पडले असते. म्हणजे ज्या कुंडीत शेणखत योग्य प्रमाणात आहे तिला हाडांच्या खताची गरजच उरत नाही. शेणखतातील स्फुरदाचा मोठा भाग सेंद्रिय रूपात असतो आणि कुजताना निघणारी आम्ले त्याला काही काळ उपलब्ध ठेवतात.

नत्राचे चित्र वेगळे आहे. शेणखतातील नत्र १२ ग्रॅमच्या आसपास असले तरी ते फार सावकाश सुटते. लागवडीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत झाडाला जोम देण्याचे काम पेंड करते. ४० ग्रॅम निंबोळी पेंडीतून २ ग्रॅम नत्र मिळते. शेतात हेक्टरी २५० किलो निंबोळी पेंड दिली तर कुंडीच्या तोंडाएवढ्या क्षेत्राला दोन ग्रॅमही पेंड येत नाही. कुंडीची मात्रा त्याच्या वीसपट आहे. झाडाची सर्व मुळे १३ लिटरमध्येच राहतात आणि रोजच्या पाण्याबरोबर नत्र वाहून जाते, म्हणून ही वाढीव मात्रा समर्थनीय ठरते. परंतु त्याच कारणाने तीन मुठी, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपास पेंड घालणे धोक्याचे आहे.

क्रम असा ठेवावा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात माती, वाळू, शेणखत व पेंड एकत्र करून, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतके ओले करावे. हा ढीग सावलीत गोणपाटाखाली दोन आठवडे ठेवून चौथ्या-पाचव्या दिवशी उलथावा. नंतर दोन साध्या चाचण्या घ्याव्यात. बरणीत थोडे मिश्रण भरून झाकण लावून एक दिवस ठेवावे. उघडताना अमोनियाचा झणका आला तर आणखी एक आठवडा थांबावे. दुसरी चाचणी बियांची. एका वाटीत हे मिश्रण व दुसऱ्या वाटीत पेंड नसलेली माती घेऊन प्रत्येकीत मुळ्याच्या किंवा मेथीच्या दहा-दहा बिया पेराव्यात. पाच-सहा दिवसांत दोन्हींतील उगवण सारखी असली तर मिश्रण लागवडीयोग्य झाले असे समजावे.

जुलैच्या आरंभी लागवड केल्यावर आठ आठवडे आणखी पेंड देऊ नये. त्यानंतर सप्टेंबरमध्ये पहिल्या मात्रेच्या निम्मी, म्हणजे २० ग्रॅम निंबोळी पेंड खोडापासून सात-आठ सेंटिमीटर अंतरावर वर्तुळाकार मिसळावी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर नवी फूट दिसू लागली की पेंडीचे पाणी सुरू करावे. १०० ग्रॅम मोहरीची अथवा करडईची पेंड एक लिटर पाण्यात चार ते पाच दिवस भिजवावी आणि रोज एकदा ढवळावी. भांड्याला घट्ट झाकण लावू नये, कारण वायू साठतो. नंतर फडक्याने गाळून त्या द्रवात नऊ लिटर पाणी मिसळावे. अशा पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅमपेक्षा अधिक नत्र असू शकत नाही, त्यामुळे ५०० मिली मात्रा सुरक्षित राहते. ती पंधरा दिवसांनी एकदा, आधी साधे पाणी दिलेल्या ओल्या मातीतच द्यावी. कळ्यांना रंग दिसू लागला की बंद करावी. मार्चच्या अखेरीपासून जूनपर्यंत कोणतीही पेंड देऊ नये. तापलेल्या कुंडीत मुळे आधीच ताणाखाली असतात आणि अमोनियाचा उपद्रव त्या काळात सर्वाधिक होतो.

७. चूक ओळखण्याच्या खुणा व उपाय

पेंडीची मात्रा अधिक झाली तर पहिल्या दहा-बारा दिवसांतच लक्षणे दिसतात. पानांची टोके व कडा करपतात आणि माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकते. कुंडीच्या तोंडाशी उग्र वास येतो. मूळ उकरून पाहिल्यास पांढऱ्याऐवजी तपकिरी व मऊ दिसते. हे कोमेजणे पाण्याच्या अभावाने झाले असे समजून वारंवार पाणी घातले तर चिकण मातीत हवा उरत नाही आणि मुळे कुजतात. योग्य उपाय असा की वरची तीन-चार सेंटिमीटर माती पेंडीसह काढून टाकावी आणि कुंडीचा निचरा चांगला असेल तर मातीच्या दुप्पट, म्हणजे बारा इंची कुंडीला सुमारे २५ लिटर पाणी टप्प्याटप्प्याने देऊन धुवावी. निचरा नसेल तर धुण्याचा प्रयत्न न करता झाड नव्या मिश्रणात हलवावे.

पेंड दिल्यावर मातीवर पांढरी बुरशी आली तर घाबरण्याचे कारण नाही. ती पेंड कुजविणारी मृतोपजीवी बुरशी असते. माती हलविली की नाहीशी होते. मात्र लहान काळ्या चिलटांची संख्या वाढल्यास पेंड उघडी राहिली आहे किंवा पाणी अधिक होत आहे असे समजावे.

नव्या पानांत शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा दिसल्यास पेंड अथवा हाडांचे खत न वाढविता लोहाची फवारणी करावी. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व थोडा लिंबाचा रस घालून सायंकाळी पानांवर फवारल्यास आठ-दहा दिवसांत नव्या पानांचा रंग सुधारतो. चुनखडीच्या मातीत हिराकस मातीत घालून उपयोग होत नाही, कारण लोह तेथे लगेच अविद्राव्य होते.

८. हाताळणीतील दक्षता

कच्चे हाडांचे खत निर्जंतुक केलेले नसते. जनावरांच्या रोगजंतूंचे, विशेषतः काळपुळीचे बीजाणू त्यात टिकू शकतात. म्हणून दाबाखालील वाफेने प्रक्रिया केलेले खतच घ्यावे, ते हाताळताना हातमोजे व नाकातोंडावर फडके असावे आणि हातावर जखम असल्यास हे काम टाळावे. हाडांच्या वासाने कुत्री कुंड्या उकरतात; त्यांनी ते अधिक खाल्ल्यास आतड्यात अडथळा निर्माण होऊ शकतो.

निंबोळी पेंडीत भेसळ होते. माती, भुसा किंवा एरंडीची पेंड मिसळलेली आढळते. एरंडीच्या पेंडीत रायसिन हे तीव्र विष असते व ती पाळीव जनावरांना घातक ठरते. शुद्ध निंबोळी पेंडीला कडुनिंबाचा ठळक वास असतो आणि ती तपकिरी दिसते. चिमूटभर पेंड ग्लासभर पाण्यात टाकून ढवळल्यास तळाशी वाळूचा जड थर लगेच बसला तर मातीची भेसळ आहे असे समजावे. पेंडीची चव घेऊन पारख करण्याची सवय मात्र सोडून द्यावी. सर्व पेंडी कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. पावसाळ्यात ओल लागून बुरशी चढलेल्या पेंडीची धूळ श्वासावाटे जाऊ देऊ नये.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, परभणी परिसरातील काळ्या मातीच्या कुंड्यांत हाडांचे खत वापरू नये. आम्लाने फसफसणाऱ्या मातीला शेणखतातून मिळणारे स्फुरद पुरेसे आहे. दुसरी, निंबोळी पेंड हे येथील मुख्य द्रव्य मानावे, परंतु ते मिश्रणाच्या दर लिटरला ३ ग्रॅमच्या मर्यादेत, लागवडीपूर्वी दोन आठवडे मुरवून आणि मातीत झाकून द्यावे. तिसरी, मोहरीच्या पेंडीचे काम नत्रापुरते असेल तर स्थानिक करडईची पेंड ते तितकेच करते. विरल पाण्याच्या रूपात व हिवाळ्यातच तिचा वापर करावा. ज्यांना आपल्या मातीविषयी शंका असेल त्यांनी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील मृद्‍शास्त्र विभागाकडे अथवा जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेकडे चौकशी करून सामू, विद्युत वाहकता व मुक्त चुना यांची तपासणी करून घ्यावी. हे तीन आकडे हाती असल्यास कोणत्या पिशवीवर खर्च करावा आणि कोणती दुकानातच ठेवावी, याचा निर्णय सहज होतो.